सोळा खुणा आणि दोन नळ्या रक्त

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन महिना झाला की रुग्ण पुन्हा डॉक्टरांपुढे येऊन बसतो. टाके भरून आलेले असतात, जेवण सुरू झालेलं असतं. पॅथॉलॉजीच्या अहवालात कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, लसीकाग्रंथींत कॅन्सर नाही, असं लिहिलेलं असतं. सीटी स्कॅनही कोरा असतो. म्हणजे दुसरा टप्पा. अशा रुग्णांपैकी बहुतेक जण ऑपरेशननेच बरे होतात, पण काहींच्या यकृतात किंवा फुफ्फुसात दोन-तीन वर्षांनी गाठ निघते. ती नव्याने उगवलेली नसते. तिचं बी ऑपरेशनच्या आधीच तिथे जाऊन पडलेलं असतं. एक सेंटीमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात, आणि त्याहून फार लहान काही असेल तर स्कॅनला ते दिसत नाही.

या बरे झालेल्यांतून ‘बी पडलेले’ कसे वेगळे काढायचे, हा जुना पेच आहे. वेगळे काढता येत नाहीत म्हणून अनेकांना सरसकट केमो दिली जाते. तिचा उपयोग त्यातल्या थोड्यांनाच होतो, त्रास मात्र सगळ्यांना. ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाने फ्रिजमधली बाटली हातात धरली तरी बोटांना झिणझिण्या येतात, आणि बोटांच्या टोकांचा बधिरपणा काहींना पुढे वर्षानुवर्षं सोडत नाही. शर्टाचं बटण लावणं हेसुद्धा काम होऊन बसतं.

या लेखापुरता एक रुग्ण कल्पनेने उभा करू. साताऱ्याकडचे नुकतेच निवृत्त झालेले एक शिक्षक. त्यांना गुरुजी म्हणू. ऑपरेशनला चार आठवडे झालेत. डॉक्टरांनी सांगितलंय की रक्ताच्या दोन नळ्या द्या, त्यात गाठीचा डीएनए शोधू.

रक्तात डीएनए असतोच, कॅन्सर असो वा नसो. मांदेल आणि मेते या फ्रेंच संशोधकांनी १९४८ सालीच रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, मोकळा डीएनए असल्याचं दाखवलं होतं. डीएनएचा दुहेरी गोफ उलगडण्याआधीची ही गोष्ट, त्यामुळे तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. मरताना पेशीतला डीएनए कापला जातो, पण वाटेल तिथे नाही. डीएनएचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि कात्री चालते ती दोन रिळांमधल्या मोकळ्या धाग्यावर. म्हणून रक्तात मिळणारे तुकडे जवळपास एकाच मापाचे असतात, साधारण १६६ अक्षरांचे. यातले बहुतेक रक्तपेशींचेच असतात. शरीरात कुठे कॅन्सरच्या पेशी मरत असतील तर त्यांचेही तुकडे याच गर्दीत मिसळतात.

हे तुकडे रक्तात टिकत नाहीत, आणि त्यातच त्यांचं मोल आहे. यकृत वगैरे अवयव त्यांना भराभर काढून टाकतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या एका रुग्णाचं रक्त ऑपरेशननंतर पुन्हापुन्हा तपासलं, तेव्हा गाठीचा डीएनए सुमारे ११४ मिनिटांत निम्मा होत होता. दोन तास धरा. म्हणजे दिवसभरात बारा वेळा निम्मा, चार हजारांत एक भाग उरला. सीईए हे नेहमी तपासलं जाणारं प्रथिन निम्मं व्हायला काही दिवस घेतं. तेव्हा आज रक्तात गाठीचा तुकडा सापडला, तर तो महिन्यापूर्वी काढलेल्या गाठीचा उरलेला गाळ नव्हे. तो आज, फार तर कालच, मेलेल्या पेशीचा आहे. आणि ती पेशी कुठेतरी जिवंत भाऊबंद मागे ठेवून मेली आहे.

मग चार आठवडे थांबायचं कशाला? ऑपरेशनच्या जखमेमुळे. कापलेल्या, शिवलेल्या उती भरून येताना निरोगी पेशींचा डीएनए रक्तात पुराच्या पाण्यासारखा वाढतो आणि गाठीचे चार-दोन तुकडे असलेच तर त्यात बुडून जातात. पहिल्या आठवड्यातला ‘काही नाही’ असा निकाल म्हणून विश्वासाचा नसतो.

गुरुजींचं रक्त काढलं. इथे पहिली चूक होऊ शकते, आणि होते. जांभळ्या टोपणाच्या साध्या ईडीटीए नळीत रक्त घेतलं तर ते काही तासांच्या आत यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. नळी टेबलावर पडून राहिली, एसटीच्या पार्सलात गेली, की पांढऱ्या पेशी फुटायला लागतात आणि स्वतःचा सगळा डीएनए प्लाझ्मात ओततात. गाठीचे तुकडे होते तेवढेच राहतात, पण भोवतीची गर्दी दहापट होते. यासाठी वेगळ्या नळ्या मिळतात. त्यातलं द्रव्य पेशींच्या भिंती घट्ट धरून ठेवतं आणि रक्त अनेक दिवस, साध्या तापमानाला, टिकतं. त्या महाग असतात म्हणून काटकसर होते. नमुना बिघडलाय हे मात्र लपत नाही. डीएनए मापानुसार पसरवून आलेख काढला की चांगल्या नमुन्यात १६६ च्या आसपास एक नीट सुळका दिसतो. बिघडलेल्यात उजव्या हाताला हजारो अक्षरांच्या लांब तुकड्यांचा मोठा उंचवटा येतो. इतके लांब तुकडे अखंड पेशी फुटल्याशिवाय येत नाहीत. तो उंचवटा दिसला की रक्त पुन्हा मागवावं. आपल्याकडे रुग्ण शंभर-दीडशे किलोमीटरवरून आलेला असतो, त्याला परत बोलवायचं जिवावर येतं; तरी बोलवावं.

आता मोजदाद. शाळेतल्या अंकगणितापलीकडे इथे काही नाही. दोन नळ्या म्हणजे २० मिलिलिटर रक्त. त्यातून सुमारे ८ मिलिलिटर प्लाझ्मा निघतो. दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम डीएनए धरला तर एकूण ४० नॅनोग्रॅम. एका नॅनोग्रॅममध्ये माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या सुमारे ३०० प्रती बसतात. म्हणजे आपल्या हातात कुठल्याही एका जागेच्या १२,००० प्रती आल्या. शुद्ध करताना, यंत्रासाठी तयार करताना निम्म्याहून जास्त वाया जातात. उरल्या म्हणा ५,०००.

गुरुजींच्या शरीरात जे काही मागे राहिलंय त्याचा वाटा रक्तातल्या डीएनएत वीस हजारांत एक आहे असं समजू. ऑपरेशननंतरच्या रुग्णात असले आकडे नवलाचे नाहीत. त्यांच्या गाठीत केरास या जनुकाच्या बाराव्या शब्दात एक अक्षर बदललेलं आहे: जीजीटीच्या जागी जीएटी. तो बदल आपण ५,००० प्रतींत शोधायचा. वीस हजारांत एक, तर पाच हजारांत सरासरी पाव. पाव तुकडा कधी सापडत नसतो. सापडतो तो अख्खा नाहीतर मुळीच नाही. अशा नळ्यांच्या चार जोड्या भरल्या तर जेमतेम एकीत तो असेल. यंत्र कितीही बारीक नजरेचं आणा, नळीत जे आलंच नाही ते कुठून दिसणार? या तपासणीची खरी भिंत हीच आहे, आणि जाहिरातींत ती दाखवत नाहीत.

यावरचा तोडगा साधा आहे. गाठीत बदललेलं अक्षर एकच नसतं, शेकडो असतात. ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. तो वाचायचा, आणि गुरुजींच्या गाठीतच असलेले, तिच्या सगळ्या पेशींत पसरलेले असे सोळा बदल निवडायचे. त्या सोळा जागा वाचणारी तपासणी फक्त त्यांच्यासाठी बेतायची. प्रत्येक जागी पावाची अपेक्षा, तर सोळा जागी मिळून चार तुकड्यांची. आता त्याच नळ्यांत एकही तुकडा न मिळण्याची शक्यता शंभरात दोनवर येते, आणि सोळांपैकी निदान दोन वेगळ्या खुणा सापडण्याची शंभरात नव्वदच्या आसपास जाते. रक्त वाढवलेलं नाही, शोधायच्या गोष्टी वाढवल्या.

दोन खुणा कशासाठी, एक का पुरत नाही? कारण यंत्र चुकतं. डीएनए वाचणारं यंत्र हजार अक्षरांमागे साधारण एखादं अक्षर चुकीचं वाचतं, आणि आपण शोधतोय वीस हजारांत एक. म्हणजे खऱ्या बदलापेक्षा खोटे वीसपट. यासाठी वाचण्याआधीच प्रत्येक मूळ तुकड्याला दहा-बारा अक्षरांचा वेगळा शिक्का चिकटवतात. मग त्याच्या प्रती काढतात, प्रत्येक प्रतीवर तोच शिक्का येतो. वाचून झाल्यावर एका शिक्क्याच्या सगळ्या प्रती शेजारी मांडायच्या. वीसपैकी वीस प्रतींत तोच बदल असेल तर तो मूळ तुकड्यातच होता. वीसपैकी एकीत असेल तर नक्कल करताना झालेली चूक. तलाठी जसा एकाच गटाचे सगळे उतारे समोर ठेवून कुठल्यात खाडाखोड झालीय ते बघतो, तसं. एवढं करूनही एखादा खोटा बदल सुटतो, म्हणून दोन खुणांची अट.

दुसरा खोटेपणा यंत्राचा नसतो, शरीराचा असतो, आणि जास्त फसवा असतो. वय वाढतं तसा अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत बदल होतो आणि तिची संतती इतरांपेक्षा जरा जास्त वाढते. साठीपुढे हे सर्रास आढळतं. टीपी५३ हे कॅन्सरमध्ये नेहमी बिघडणारं जनुकही यात असू शकतं. रक्तातला बहुतेक डीएनए रक्तपेशींचाच असल्यामुळे हा बदल प्लाझ्मात ठळक दिसतो आणि तो गाठीचा वाटतो. ओळखायची युक्ती त्याच नळीत आहे. फिरवल्यावर प्लाझ्माच्या खाली पांढऱ्या पेशींचा पातळसा थर बसतो. तो फेकायचा नाही, तोही वाचायचा. बदल तिथेही असला तर तो रक्ताचा, कॅन्सरचा नव्हे. गाठीचा तुकडा न वाचता, सगळ्यांना एकच तयार यादी लावून केलेल्या तपासण्यांत हा धोका अधिक. अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या ‘कोब्रा’ या चाचणीत अशी तयार तपासणी वापरली होती. दुसऱ्या टप्प्याच्या ज्या थोड्या रुग्णांत ती होकारार्थी आली, त्यातल्या केमो न घेतलेल्या सातपैकी तिघांचं रक्त सहा महिन्यांत आपोआप ‘स्वच्छ’ झालं, आणि केमो घेतलेल्या नऊपैकी एकाचंच. हे उलटं पडलं. मुळात जे सापडलं ते गाठीचं होतं का, असा प्रश्न उभा राहिला आणि चाचणी थांबवावी लागली.

गुरुजींचा अहवाल आला: सोळांपैकी तीन खुणा, मिळून चार तुकडे. पांढऱ्या पेशींत यातलं काही नाही.

चार तुकड्यांवर सहा महिन्यांची केमो? कुणालाही हा प्रश्न पडेल. उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. मेलबर्नच्या जीन टाय आणि पीटर गिब्स यांच्या गटाने दुसऱ्या टप्प्याच्या रुग्णांचं रक्त ऑपरेशननंतर तपासून नुसतं बाजूला ठेवलं आणि पुढे काय होतं ते पाहिलं. २०१६ मध्ये निकाल छापला. केमो न घेतलेल्या १७८ जणांत १४ जणांच्या रक्तात गाठीचा डीएनए होता. त्या १४ पैकी ११ जणांचा आजार उलटला. रक्तात काही न सापडलेल्या १६४ पैकी १६ जणांचा.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. सापडलं, तर जवळजवळ नक्की समजा. पॅथॉलॉजीच्या भिंगाखाली दिसणारं कुठलंही लक्षण इतकं भविष्य सांगत नाही. पण आजार उलटलेले एकूण २७, त्यातल्या १६ जणांच्या रक्तात त्या दिवशी काहीच सापडलं नव्हतं. निम्म्याहून जास्त सुटले. ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘त्या नळीत आढळले नाही’ एवढाच. काही जागा तर तुकडे रक्तात सोडण्यात फार कंजूष असतात: पोटाच्या आतलं अस्तर, फुफ्फुसातल्या बारीक गाठी, आणि मेंदू, जिथे रक्ताच्या वाटेवर नैसर्गिक पहारा आहे. म्हणून एकदाच तपासून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. दर तीन महिन्यांनी केलं तर सुटलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढच्या फेऱ्यांत पकडले जातात.

याच गटाने पुढे धाडसाची गोष्ट केली. ४५५ रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटले. एका भागात नेहमीच्या पद्धतीने डॉक्टरांनी ठरवलं, दुसऱ्यात चौथ्या आणि सातव्या आठवड्याच्या रक्तावरून: सापडलं तर केमो, नाही सापडलं तर नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ‘डायनॅमिक’ चाचणीत रक्तावर ठरवलेल्यांपैकी १५ टक्क्यांना केमो लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. दोन वर्षांनी आजार न उलटलेले रक्तावर ठरवलेल्यांत ९३.५ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ९२.४. म्हणजे केमो जवळपास निम्मी झाली आणि नुकसान काही झालं नाही. ज्यांच्या रक्तात डीएनए होता आणि ज्यांनी केमो घेतली, त्यांच्यापैकी ८६ टक्के तीन वर्षांनीही आजारमुक्त होते. आधीचे १४ पैकी ११ आठवा. हे दोन वेगळे अभ्यास आहेत, तेव्हा सरळ वजाबाकी करू नये. पण केमो त्या थोड्या उरलेल्या पेशींना मारू शकते, असा तर्क यातून बळावतो.

तिसऱ्या टप्प्यात, जिथे ग्रंथींत कॅन्सर पोचलेला असतो, हे गणित इतकं सरळ चाललेलं नाही. तिथे रक्तात सापडलेल्यांना आणखी कडक केमो देऊन पाहिली, फायदा दिसला नाही. ओळखता येणं आणि मारता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुरुजींनी केमो घेतली. शेवटच्या फेरीनंतर रक्त तपासलं, सोळाही खुणा कोऱ्या. पुढे दर तीन महिन्यांनी एक खेप. चौदाव्या महिन्यात सात खुणा सापडल्या, आणि महिनाभराने पुन्हा काढलेल्या रक्तात त्याच सात, शिवाय आणखी चार, तुकडे तिप्पट. सीईए नेहमीसारखं. सीटी स्कॅन कोरा.

माणसाला सगळ्यात जड जातो तो हा काळ. कुठेतरी आहे, एवढंच कळलंय. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १२५ रुग्णांचा माग काढला, त्यात रक्तातली खूण स्कॅनच्या आधी सरासरी पावणेनऊ महिने दिसली होती. पावणेनऊ महिने हातात आले हे ऐकायला छान. पण गाठ दिसत नसेल तर सर्जन कशावर सुरी चालवणार? या आगाऊ सूचनेने माणूस जास्त जगतो, हे प्रत्येक कॅन्सरसाठी अजून सिद्ध झालेलं नाही, आणि डॉक्टरांनी हे रक्त काढण्याआधी सांगायला हवं, अहवाल आल्यावर नव्हे. काहींना न कळलेलंच बरं वाटतं. तो त्यांचा हक्क आहे.

जिथे आजार आधीच पसरलेला आहे तिथे मात्र हेच तुकडे औषध बदलायची वेळ सांगतात, आणि तिथलं काम मला जास्त देखणं वाटतं. सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही औषधं कॅन्सरच्या पेशीच्या दारावरची एक घंटा बंद करतात, म्हणजे ‘वाढ’ हा निरोप आत जात नाही. केरास हा त्या घंटेला आतून जोडलेला खटका. त्यात बिघाड असेल तर खटका कायम दाबलेलाच राहतो, दाराशी काहीही करा. म्हणून ज्यांच्या गाठीत केरास शाबूत आहे त्यांनाच ही औषधं देतात. २०१२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अशा २४ रुग्णांचं रक्त औषध चालू असताना तपासत नेलं. त्यातल्या नऊ जणांत बिघडलेलं केरास उगवलं, साधारण पाच-सहा महिन्यांत. औषधाने तो बिघाड केला नव्हता. लाखो पेशींत थोड्या तसल्या आधीपासून असाव्यात. बाकीच्या मेल्या आणि यांना रान मोकळं मिळालं.

पुढची गंमत अशी की औषध थांबवलं की हा बिघडलेला गट रक्तात ओसरायला लागतो, काही महिन्यांत निम्म्यावर येतो. इटलीतल्या डॉक्टरांनी यावर ‘क्रोनॉस’ ही चाचणी बेतली. ज्यांना हे औषध पूर्वी लागू पडून मग निकामी झालं होतं अशा ५२ जणांचं रक्त तपासलं. १६ जणांत बिघाड अजून होता. त्यांना हे औषध परत दिलं नाही, व्यर्थ गेलं असतं. बाकीच्यांपैकी २७ जणांना तेच जुनं औषध पुन्हा दिलं, आणि आठ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. सुई घालून यकृताचा तुकडा काढून हे कळलं नसतं. एका गाठीत बिघाड असतो, शेजारच्या गाठीत नसतो, आणि रक्तात मात्र सगळ्यांचे तुकडे येऊन मिळतात.

गुरुजींच्या रक्तातले तुकडे वाढत होते म्हणून नेहमीचा सहा महिन्यांचा स्कॅन होईपर्यंत थांबले नाहीत. दोन महिन्यांनी यकृताचा एमआरआय केला. उजव्या भागात एकच ठिपका दिसला, नऊ मिलिमीटरचा. एकुलता आणि एवढा लहान असला तर यकृताचा तेवढा भाग कापून काढता येतो, आणि उरलेलं यकृत पुन्हा वाढून आपलं माप भरून काढतं. सर्जननी तो काढला. पॅथॉलॉजीत आतड्याचाच कॅन्सर निघाला, आणि त्याच सोळा खुणा.

जखम भरायला चार आठवडे दिले. मग पुन्हा दोन नळ्या.